गेमला गाडी लागते तेव्हा

घाटात गाडी लागणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या घरात तो मान माझा. खिडकीची जागा, तोंडात आवळासुपारी, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि तरी ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणावर चेहरा पांढराफटक. त्यामुळे एका मित्राने स्वतः बनवत असलेला छोटा प्लॅटफॉर्मर गेम मोठ्या टीव्हीवर लावून दाखवला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या मला तेच मळमळणं सुरू झालं, तेव्हा मला त्यात कुतूहल वाटलं, त्याला अपमान वाटला. गेम सपाट होता, दोन मितींचा. एक माणूस डावीकडून उजवीकडे पळतो आणि उड्या मारतो, बस्स. यात घाट आला कुठून?

घाट कॅमेऱ्यात होता. खेळाडूच्या मागोमाग सरकणारी ती अदृश्य चौकट कशी सरकते, यावर पोटाची अवस्था ठरते. त्या शनिवारी आम्ही दोघं चहाच्या तीन फेऱ्या करत ती चौकट दुरुस्त करत बसलो. त्यात हाती लागलेल्या गमती पुढे देतो आहे.

ड्रायव्हरला गाडी लागत नाही

पहिली गंमत शरीराची. पोटात ढवळतं ते हलण्यामुळे नव्हे, डोळे आणि कान यांच्या साक्षी न जुळल्यामुळे, असं सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बसमध्ये पुस्तक वाचताना कान सांगतो, ‘हलतोय’, डोळे सांगतात, ‘पान तर जागेवर आहे’. टीव्हीसमोर नेमकं उलट. डोळे म्हणतात, ‘सगळं जग उजवीकडे चाललंय’, कान म्हणतो, ‘मी सोफ्यावर आहे’. दादरला आपली लोकल उभी असते, शेजारची सुटते, आणि क्षणभर वाटतं आपणच निघालो. तोच हा भास. डोळ्यांसमोरचा मोठा भाग एकगठ्ठा सरकला की मेंदू पहिला अंदाज हाच करतो की आपण हलतोय.

आता गाडी चालवणाऱ्याला गाडी का लागत नाही? कारण वळण येणार हे त्याच्या हातांना आधीच माहीत असतं. रोल्निक आणि लुबो या दोन संशोधकांनी 1991 मध्ये याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला आणि उत्तर दिलं ते हे, की नियंत्रण ज्याच्या हातात, त्याला त्रास कमी.

म्हणजे मित्र निर्धास्त का होता ते कळलं. कंट्रोलर त्याच्या हातात होता. गेमची प्रत्येक उडी त्याने शेकडो वेळा मारलेली. तो ड्रायव्हर, मी मागच्या सीटवरचा पाहुणा. गेम बनवणारा माणूस स्वतःच्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला सगळ्यांत नालायक परीक्षक असतो, हे त्याला मी जरा जास्तच आनंदाने सांगितलं.

यातून कॅमेऱ्याची एकच कसोटी निघते आणि बाकीच्या गमती तिच्याभोवतीच फिरतात. पडदा हलला, तर तो खेळणाऱ्याच्या हाताने मागितला म्हणून हलला का? मागितला नसताना हलला, की मागच्या सीटवरचा माणूस पिशवी शोधतो.

मारिओला मागे जाता येत नव्हतं

1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवा. पडदा फक्त उजवीकडे सरकायचा. मागे वळलात तर पडद्याची डावी कड भिंत व्हायची. वर-खाली तर तो हलायचाच नाही. मारिओ कितीही उंच उडाला तरी जग जागच्या जागी. आज हे मागासलेलं वाटतं, पण गाडी लागणाऱ्यांच्या दृष्टीने हा इतिहासातला फार सभ्य कॅमेरा होता.

सहा वर्षांनी, 1991 मध्ये, सेगाचा ‘सॉनिक’ आला. हा निळा हेजहॉग सुसाट पळायचा आणि चढ-उतारांवरून घरंगळायचा, तेव्हा कॅमेऱ्याला वर-खाली जाणं भागच होतं. त्यांनी केलेली युक्ती अजून शिकण्यासारखी आहे. सॉनिक जमिनीवर असताना कॅमेरा त्याला उंचीच्या एका ठरावीक रेषेवर धरून ठेवतो. हवेत गेला की मात्र त्या रेषेच्या वर 32 आणि खाली 32 पिक्सेलची मोकळीक मिळते. तेवढ्यात तो कितीही तडफडो, पडदा ढिम्म. मोकळीक ओलांडली तरच कॅमेरा उठतो. अशा मोकळ्या पट्ट्याला आज गेमवाले डेड झोन म्हणतात.

मित्राच्या गेममध्ये हा पट्टा नव्हता. त्याचा नायक प्रत्येक उडीला अंदाजे 50 पिक्सेल वर जायचा आणि पडदा त्याच्याबरोबर वर जाऊन खाली यायचा. नाणी गोळा करताना माणूस सेकंदाला एक उडी मारतो. म्हणजे सेकंदाला एकदा आख्खं गाव, झाडं, डोंगर, ढग, सगळं वर जाऊन खाली. होडीच! ‘सॉनिक’सारखी 32 पिक्सेलची मोकळीक दिल्यावर त्याच 50 च्या उडीत पडदा फक्त 18 पिक्सेल हलू लागला.

त्याहून कडक उपाय ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (1990) दिसतो. साध्या उडीत कॅमेरा उंची बदलतच नाही. मारिओ नव्या फळीवर पाय टेकवतो तेव्हाच कॅमेरा हळूच त्या फळीच्या उंचीला जातो. मशरूम 11 या गेमचा कर्ता इताय केरेन याने 2015 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये बाजूने सरकणाऱ्या गेमच्या कॅमेऱ्यांचा सविस्तर पंचनामा केला होता. त्याने या प्रकाराला ‘प्लॅटफॉर्म-स्नॅपिंग’ म्हटलं. उडी म्हणजे विचारणं, पाय टेकणं म्हणजे ठरवणं. कॅमेरा ठरल्यानंतरच उठतो. एक अपवाद मात्र ठेवावाच लागतो. नायक फळीच्या खाली कोसळत असेल तर वाट बघायची नाही, ताबडतोब त्याच्यामागे जायचं. नाहीतर तो पडद्याबाहेर पडून मरतो आणि खेळणाऱ्याला कळतही नाही कशावर पडून मेला.

लोण्यासारख्या कॅमेऱ्याची उधारी

आता आडव्या दिशेकडे येऊ. नवशिका गेमकर्ता पहिल्या आठवड्यात शिकतो ती ओळ ही:

```
cam += (player - cam) * 0.1
```

अर्थ असा की प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याने उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा कापायचा. लांब असेल तर झपझप, जवळ आला की हळूहळू. कॅमेरा लोण्यासारखा सरकू लागतो आणि माणूस खूश होतो. यालाच स्मूदिंग म्हणतात. झटके जातात, हे खरं. पण ही ओळ गुपचूप दोन गोष्टी करते आणि दोन्ही वाईट.

पहिली गोष्ट आम्ही वहीत मांडली. पडदा 320 बाय 180 पिक्सेलचा. नायकाचा वेग सेकंदाला 200 पिक्सेल. कॅमेरा नायकाला घट्ट चिकटलेला असता तर त्याच्यापुढे निम्मा पडदा, म्हणजे 160 पिक्सेल दिसले असते. काटे दिसल्यापासून काट्यांवर आदळेपर्यंत 0.8 सेकंद. वरची ओळ लावली की कॅमेरा मागे पडतो आणि सतत पळताना 60 फ्रेमला तो बरोब्बर 30 पिक्सेल मागे राहतो. नायक पडद्याच्या मध्याच्या पुढे सरकतो आणि समोर उरतात 130 पिक्सेल, म्हणजे 0.65 सेकंद. जितकं जोरात पळाल तितकं पुढचं कमी दिसेल, असा हा न्याय. हायवेवर वेग वाढला की हेडलाइट मंद होणारी गाडी कुणी विकत घेईल का?

दुसरी गोष्ट अधिक लबाड आहे. ‘प्रत्येक फ्रेमला दहावा हिस्सा’ यात फ्रेम किती, हे कुणी विचारलंच नाही. जुन्या लॅपटॉपवर गेम 30 फ्रेमने चालला तर मागे पडणं 60 पिक्सेल होतं. समोर उरतो अर्धा सेकंद. दिसणं आणि बटण दाबणं यातच पाव सेकंद जातो, म्हणजे विचार करायला उरला पाव. उलट 144 हर्ट्झच्या महागड्या मॉनिटरवर तेच मागे पडणं साडेबारा पिक्सेल. एकच गेम गरिबाला अवघड आणि श्रीमंताला सोपा. मित्राने त्याच्या तगड्या मशिनवर पाहिलेला कॅमेरा आणि टीव्हीला जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी भोगलेला कॅमेरा, हे दोन वेगळे कॅमेरे होते!

उपाय सोपा आहे आणि तो एका गाजलेल्या गेमच्या पोटात उघड पडलेला आहे. 2018 च्या ‘सेलेस्ट’च्या कर्त्यांनी नायिकेचा कोड लोकांना वाचायला मोकळा केला. त्यात कॅमेऱ्याच्या ओळीत 0.01 हा आकडा वेळेच्या घातावर चढवलेला दिसतो. सोप्या भाषेत, एका सेकंदानंतर मूळ अंतरापैकी शंभरावा भाग शिल्लक राहिला पाहिजे, मग त्या सेकंदात फ्रेम 30 होवोत की 144. फ्रेम मोजायच्या नाहीत, घड्याळ मोजायचं.

गोडो इंजिन वापरणाऱ्यांसाठी इथेच एक झटपट हिशेब. तिथल्या कॅमेऱ्यात `position_smoothing_speed` नावाचा आकडा असतो आणि तो मुळात 5 असतो. नायकाच्या वेगाला त्याने भागा, कॅमेरा किती मागे पडणार ते मिळतं. 200 भागिले 5, म्हणजे सुमारे 40 पिक्सेल. आकडा वाढवला की उधारी कमी, पण लोणीही कमी. ‘सेलेस्ट’चा 0.01 या भाषेत 4.6 होतो. आमच्या 200 च्या वेगाला त्याने 43 पिक्सेलची उधारी होते.

फेडायची कशी? पुढे बघून

मागे पडणाऱ्या कॅमेऱ्याला पुढे ओढायचं तर त्याचं लक्ष्यच पुढे न्यायचं. नायकाकडे बघ असं न सांगता, नायकाच्या 64 पिक्सेल पुढे बघ, असं सांगायचं. हे झालं लुक-अहेड. हिशेब परत मांडू. निम्मा पडदा 160, त्यातून उधारीचे 43 वजा, पुढे बघण्याचे 64 अधिक. समोर दिसतात 181 पिक्सेल, म्हणजे 0.9 सेकंद. चिकट कॅमेऱ्यापेक्षाही जास्त. पण लक्षात घ्या, 64 पैकी 43 तर जुनी उधारी फेडण्यातच गेले. खरी कमाई 21 ची. लुक-अहेड लावूनही पुढचं फारसं दिसत नाही अशी तक्रार अनेक जण करतात. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मित्राने हेच 64 आधीच लावलेले होते. आणि खरा घाट तिथेच होता.

नायक उजवीकडे पळून थांबलाय, कॅमेरा त्याच्या 64 पुढे येऊन स्थिरावलाय. खेळणाऱ्याने नाणं राहिलं म्हणून डावीकडे एक पाऊल टाकलं. लक्ष्य त्याच क्षणी डावीकडे 64 वर गेलं. म्हणजे एका पावलासाठी लक्ष्याने 128 पिक्सेलची उडी मारली. आता स्मूदिंग त्यामागे धावतं, आणि त्याचा पहिला वेग किती? 128 गुणिले 4.6, म्हणजे सेकंदाला जवळपास 590 पिक्सेल. नायक 200 ने पळतो आणि जग 590 ने! परत उजवीकडे वळलात की परत तेच. एका अरुंद फळीवर शत्रू चुकवत डावी-उजवी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कॅमेरा आख्खा पडदा पाळण्यासारखा झुलवत होता.

झुलण्याबद्दल समुद्रावरची एक गंमत. माणसांना खरोखर वर-खाली हलवून 1970 च्या दशकात अमेरिकेत प्रयोग झाले. त्यांत सगळ्यांत जास्त मळमळ सेकंदाला साधारण 0.2 वेळा, म्हणजे पाचेक सेकंदांत एक हेलकावा, या संथ गतीला झाली. जहाजाची चाल साधारण अशीच असते. भराभर थरथरणं पोट सहन करतं, संथ झोके नाही. ते प्रयोग शरीर हलवण्याचे होते, पडद्याचे नव्हेत, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा गेमला चिकटवू नये. तरी सगळे जण स्क्रीन शेकला शिव्या घालत असताना खरा आरोपी कित्येकदा हा संथ झुलणारा कॅमेरा असतो, असं माझं पोट सांगतं, आणि या विषयात माझ्या पोटाचा अनुभव दांडगा आहे.

जुन्या लोकांनी यावर काय केलं? ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ने पडद्यावर मनातल्या मनात दोन उभ्या रेषा आखल्या. उजवीकडे जाताना मारिओ मध्याच्या डावीकडे राहतो, म्हणजे पुढचं जास्त दिसतं. वळून जरा मागे आला तर कॅमेरा काहीच करत नाही. एक हद्द ओलांडून तो खरंच मागे निघाला, तरच कॅमेरा बाजू बदलतो. शिवाय कंट्रोलरच्या वरच्या L आणि R बटणांनी पडदा हाताने सरकवायची सोय होती. ही तर फारच प्रामाणिक गोष्ट. पुढचं बघायचंय? मग मागा.

1993 च्या ‘सॉनिक सीडी’ने वेगळं केलं. सॉनिक चालत असेल तर लुक-अहेड नाहीच. एका ठरावीक वेगाच्या वर गेला की कॅमेरा पुढे सरकू लागतो, फ्रेमला 2 पिक्सेल, आणि 64 वर थांबतो. म्हणजे 32 फ्रेम, साधारण अर्धा सेकंद. उडी नाही, रांगत जाणं.

आम्ही दोन्हींतलं अर्धं-अर्धं उचललं. वळल्यावर नायक 24 पिक्सेल सलग त्या दिशेला गेल्याशिवाय लुक-अहेडने हलायचं नाही. आणि हलायचं तेव्हा सेकंदाला 120 पिक्सेलच्या वर नाही, जो ‘सॉनिक सीडी’चाच वेग झाला. या बाजूहून त्या बाजूला जायला आता सेकंदभर लागतो. एका पावलाच्या चुळबुळीला पडदा जेमतेम हलतो. मी पुन्हा दहा मिनिटं शेजारी बसलो. आवळासुपारी लागली नाही.

एक कबुली. 24 हा आकडा कुठल्याही ग्रंथातला नाही. 8 वर पडदा अजून चुळबुळत होता, 40 वर वळल्यानंतर आंधळं पळावं लागत होतं. मधे थांबलो.

आणि एक छोटी चूक, जी आम्हाला अर्ध्या तासाने दिसली. नायक मेला की तो मागच्या झेंड्यापाशी परत उभा राहायचा. कॅमेरा मात्र त्याच लोण्यासारख्या लयीत आख्ख्या लेव्हलवरून सरपटत मागे यायचा. अशा वेळी स्मूदिंग बंद. पडदा क्षणभर काळा आणि कॅमेरा थेट जागेवर.

हादरा मोजून वाढायचा असतो

आता सगळ्यांच्या लाडक्या स्क्रीन शेककडे. बॉम्ब फुटला, पडदा हादरला, मजा आली. व्लांबीर या डच जोडगोळीतल्या यान विलेम नायमनने 2013 मध्ये एक भाषण केलं होतं, विषयच स्क्रीन शेक. एक पांचट गोळीबाराचा गेम घेऊन तो त्यात एकेक मसाला टाकत जातो आणि बघता बघता गेम चवदार होतो. ते भाषण बघून जगभरच्या होतकरूंनी पडदे हादरवायला सुरुवात केली. भाषणातला बाकीचा मसाला मात्र पुष्कळांनी गाळला. भाजीत फक्त तिखट.

हादऱ्याला शिस्त लावणारा हिशेब स्क्विरल आयझरलोह याने 2016 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडला. त्याची कल्पना अशी. कॅमेऱ्याच्या खात्यात 0 ते 1 असा एक ‘ट्रॉमा’ ठेवायचा. मार बसला की त्यात भर पडते, वेळ गेला की तो आपोआप ओसरतो. पण पडदा ट्रॉमाएवढा हलवायचा नाही. ट्रॉमाच्या वर्गाएवढा हलवायचा, किंवा घनाएवढा.

वर्ग कशाला? आकडे घालून बघा. आमच्या पडद्यावर जास्तीत जास्त हादरा 8 पिक्सेल ठरवला. छोट्या फटक्याचा ट्रॉमा 0.3. त्याचा वर्ग 0.09, गुणिले 8, म्हणजे पाऊण पिक्सेलही नाही. जाणवेल न जाणवेल इतकंच. असे दोन फटके लागोपाठ बसले तर ट्रॉमा 0.6, वर्ग 0.36, म्हणजे जवळपास 3 पिक्सेल. दुप्पट मारला चौपट हादरा. बारीकसारीक घटना पडद्याला त्रास देत नाहीत, मोठ्या घटना खरोखर मोठ्या वाटतात. शिवाय 1 च्या वर खातं जातच नाही, त्यामुळे दहा बॉम्ब एकदम फुटले तरी पडदा गल्लीबाहेर जात नाही.

दुसरी खुबी हलवण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक फ्रेमला फासे टाकून कुठेही फेकला, तर पडदा हादरत नाही, फाटतो. डोळ्यांना एकावर एक दोन चित्रं दिसतात आणि नायक कुठे आहे तेच सापडत नाही. त्याऐवजी पर्लिन नॉइज वापरतात. हा यादृच्छिकच असतो, पण एका बिंदूवरून दुसऱ्यावर न तुटता जाणारा, जणू डोंगराच्या कडेची वेडीवाकडी रेघ. डोळे तिच्यामागे जाऊ शकतात. गेम स्लो मोशनमध्ये गेला तर हादराही संथ होतो, हा वरचा फायदा.

आणि तिसरी खुबी, जी मित्राच्या कोडमध्ये उलटी होती. त्याने हादरा थेट कॅमेऱ्याच्या जागेतच मिसळला होता. पुढच्या फ्रेमला स्मूदिंग त्या हादरलेल्या जागेवरून मोजायला लागायचं आणि नायकाकडे परत यायला झगडायचं. हादरा संपल्यावरही पडदा काही काळ भरकटत राहायचा. हाताने न मागितलेलं सरकणं, तेही संथ! कॅमेऱ्याची खरी जागा वेगळी आणि दाखवायची जागा वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो. शेवटी आडव्या दिशेचा आख्खा कॅमेरा या तीन ओळींत बसला:

```
look = move_toward(look, want, 120 * dt)
base += (player + look - base) * (1 - pow(0.01, dt))
view = base + shake
```

`want` म्हणजे 24 पिक्सेलची अट पाळून ठरलेलं उजवीकडचं किंवा डावीकडचं 64. `shake` फक्त `view` मध्ये येतो, `base` ला त्याचा वाराही लागत नाही. गुण, प्राण, नाणी दाखवणारी पट्टी या `view` च्या बाहेर ठेवायची. जग हादरताना पडद्यावर काहीतरी स्थिर असेल तर डोळ्यांना धरायला खुंटी मिळते. बोटीत क्षितिजाकडे बघ, असं कोकणात उगाच सांगत नाहीत.

शेवटचे दोन पिक्सेल

जुन्या धाटणीच्या चित्रांच्या गेममध्ये एक चिल्लर पण छळणारा किडा असतो. 320 पिक्सेलचं चित्र 1920 च्या टीव्हीवर सहापट ताणलेलं असतं. गेममधला एक पिक्सेल म्हणजे टीव्हीवरचे सहा. स्मूदिंगला शेपूट लांब असते. नायक थांबून अर्ध्या सेकंदाहून जास्त झालं तरी कॅमेरा शेवटचे दोन-तीन पिक्सेल चोरपावलांनी कापत असतो आणि टीव्हीवर ते टिक... टिक... असं दिसतं. हात बटणावरून उठलाय आणि जग अजून सरकतंय. अंतर अर्ध्या पिक्सेलच्या आत आलं की कॅमेरा लक्ष्यावर चिकटवून टाका.

नायकच थरथरताना दिसला तर कॅमेरा नायकाच्या आधी हलतोय का ते बघा. आधी नायक, मग कॅमेरा, हा क्रम. युनिटीत कॅमेऱ्याचा कोड `LateUpdate` मध्ये लिहितात तो याचसाठी.

बंद करायचं बटण

इतकं सगळं करूनही काही लोकांना त्रास होणारच. कानाच्या तोलाचे विकार असतात, अर्धशिशी असते, आणि माझ्यासारखे जन्मजात घाटग्रस्त असतात. त्यांच्यासाठी ‘सेलेस्ट’च्या सेटिंग्जमध्ये हादऱ्याला तीन पायऱ्या आहेत, पूर्ण, निम्मा आणि बंद. हादऱ्याचे खंदे पुरस्कर्ते व्लांबीर, त्यांच्याच ‘न्यूक्लिअर थ्रोन’मध्येही तो कमी-जास्त करायची सोय आहे. ज्यांनी तिखट जगाला शिकवलं त्यांनी दह्याची वाटी शेजारी ठेवली. लुक-अहेडला अशी वाटी मात्र क्वचितच कुणी ठेवतं आणि तो गेमवाल्यांचा खरा आळस आहे. एक सरकपट्टी, 0 ते 64. कोडमध्ये एका आकड्याचा गुणाकार.

मित्राने ती ठेवली. शून्यावर मी खेळतो, 64 वर तो.

तुमच्याकडेही अर्धवट बनलेला प्लॅटफॉर्मर पडून असेल तर कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात द्या, त्याच्या शेजारी गाडी लागणारं एखादं माणूस बसवा, आणि दहा मिनिटं पडद्याकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. पिशवी जवळ ठेवा.